‘थोडक्यात ओळख करून द्या’ म्हटल्याने ओळख थोडक्यात होत नाही

चार दिवसांचं निवासी प्रशिक्षण होतं. विषय गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचा. समोर ४८ जण बसले होते: ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक, आशाताई, आरोग्यसेवक, काही ग्रामसेवक आणि दोन-तीन सरपंच. साडेदहाला मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, ‘सगळ्यांनी थोडक्यात आपली ओळख आणि कार्यशाळेकडून असलेली अपेक्षा सांगावी.’ पहिल्या रांगेतले सरपंच उठले. त्यांनी आधी व्यासपीठावरच्या मान्यवरांना नमस्कार केला, मग गावाचा इतिहास सांगितला, मग मिळालेले पुरस्कार. सव्वाबाराला मी घड्याळ पाहिलं तेव्हा २९ जणांचं बोलून झालं होतं आणि मागच्या दोन रांगा खिडकीबाहेर बघत होत्या.

पावणेदोन तास ऐकून माझ्या वहीत काय जमलं होतं? नावं, गावं, नोकरीची वर्षं आणि एकाच वाक्याची २९ रूपं: ‘काहीतरी नवीन शिकायला मिळावं.’ यातलं काहीही मला पुढच्या चार दिवसांत वापरता येणार नव्हतं. नाव, गाव आणि पद तर नोंदणीच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

तेव्हा मला लोकांचाच राग आला होता. चूक माझ्या प्रश्नाची होती, हे नंतर कळलं. ‘थोडक्यात’ या शब्दाला काही माप नसतं. प्रत्येकाचं थोडक्यात वेगळं. माणूस किती बोलणार हे प्रश्नाची घडण ठरवते, सूचना किंवा विनंती नाही. म्हणून कार्यशाळा पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न कसा घडवायचा ते इथे लिहितो आहे. उदाहरण पाण्याचंच ठेवतो, कारण त्याच विषयावर मी हा प्रश्न चार वेळा बदलला आणि कुठल्या बदलाने काय झालं ते मला ठाऊक आहे.

आधी ठरवा, उत्तराचं पुढे काय करणार

प्रश्न लिहायला बसण्यापूर्वी चार दिवसांचं वेळापत्रक समोर घ्या. त्यात अशी एक जागा शोधा जिथे सहभागींबद्दल काहीतरी कळलं तर तुमचा निर्णय बदलेल. गट कसे पाडायचे, कोणतं सत्र आधी घ्यायचं, शिवारफेरीला कोणत्या टाकीवर जायचं, असं काहीतरी ठोस हवं. माझ्या बाबतीत दोन जागा होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गटकाम होतं आणि त्याच दिवशी सकाळी पाणी शुद्ध करायला टाकतात त्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरवरचं सत्र होतं, ज्यात साठवण, मोजमाप, टाकण्याची पद्धत आणि पाण्यात क्लोरिन उरला आहे का हे पिवळ्या रंगावरून दाखवणारी ओटी तपासणी असे चार भाग होते. चारही भागांना सारखा वेळ द्यायचा की एखाद्यावर भर द्यायचा, हे मला सहभागींकडूनच कळायला हवं होतं.

अशी जागा सापडली नाही तर ओळखीच्या फेरीत नावापलीकडे काही विचारूच नका. हे कोरडं वाटेल, पण ज्या उत्तराचा उपयोग होणार नाही ते ४८ वेळा ऐकणं ही ४८ जणांचीच शिक्षा आहे. ‘स्वतःबद्दल एक गमतीची गोष्ट सांगा’, ‘तुम्ही प्राणी असता तर कोणता’ असले प्रश्न मी याच कारणाने सोडून दिले. पंधरा जणांच्या गटात संध्याकाळी ते मजेचे असतात. पन्नास जणांत तिसाव्या माणसापर्यंत सगळे वाघ होऊन गेलेले असतात.

‘अपेक्षा काय?’ या प्रश्नाची तर वेगळीच अडचण आहे. ज्याला विषयच अजून माहीत नाही तो अपेक्षा काय सांगणार? तो सभ्यपणे काहीतरी बोलतो. आणि समजा एखाद्याने खरी अपेक्षा सांगितली, तरी वेळापत्रक छापून झालेलं असतं. ती पुरी होणार नाही हे आपल्याला तिथेच ठाऊक असतं.

वेळेचा हिशेब कागदावर करा

एका माणसाच्या बोलण्याला किती वेळ, एवढंच धरून चालत नाही. माईक पुढे जाणं, उठणं, घसा साफ करणं यात दहा-पंधरा सेकंद जातात. ४८ जण प्रत्येकी तीन मिनिटं बोलले तर नुसत्या बोलण्याचे दोन तास चोवीस मिनिटं होतात. वीस सेकंद बोलणं आणि दहा सेकंद माईक फिरणं धरलं तर हीच फेरी चोवीस मिनिटांत बसते. मी अर्ध्या तासाच्या वर जात नाही, कारण त्यानंतर माणसं ऐकायची थांबतात हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसतं.

वीस सेकंदांत मराठीत साधारण तीन छोटी वाक्यं होतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीन वाक्यांत बसलं पाहिजे. त्यातलं एक वाक्य नावाला आणि एक गावाला गेलं की खऱ्या उत्तराला एकच वाक्य उरतं. ही मर्यादा आधी मान्य केली की पुढची निम्मी कटकट संपते.

माईक दोन ठेवा. एक जण बोलत असताना पुढच्याच्या हातात दुसरा आलेला असला की फिरण्याचा वेळ निम्म्यावर येतो.

प्रश्न: चार मसुदे

दुसऱ्या तुकडीला मी हुशारी केली आणि विचारलं, ‘तुमच्या गावात टीसीएल किती नियमित टाकली जाते?’ उत्तरं सुरेख छोटी आली. सगळ्यांनी एकच शब्द सांगितला: ‘रोज.’ मागच्या रांगेत आरोग्य विभागाचे अधिकारी बसलेले होते. त्यांच्यासमोर कोण म्हणणार, की पावडर संपून पंधरा दिवस झाले? ज्या प्रश्नाचं खरं उत्तर दिल्याने माणूस अडचणीत येतो, त्याचं खरं उत्तर ओळखीच्या फेरीत मिळत नाही. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. प्रश्नाला एकच ‘बरोबर’ उत्तर असेल आणि ते काय आहे हे सगळ्यांना माहीत असेल, तर तो प्रश्न नव्हे, हजेरी आहे.

तिसऱ्या वेळी म्हटलं, ‘टीसीएलबाबत तुमच्या अडचणी सांगा.’ आता लोक मोकळे झाले, पण नको तेवढे. पगार वेळेवर होत नाही, पंप जळतो, वीजबिल थकलंय, ग्रामसभेत कोणी ऐकत नाही. सगळं खरंच होतं, पण एका जणाला पाच मिनिटं लागत होती. गडबड ‘अडचणी’ या अनेकवचनाने केली. अनेकवचन ऐकलं की माणूस यादी करतो, आणि यादीला शेवट नसतो.

चौथा मसुदा असा होता: ‘पावडर पाण्यात पडेपर्यंत कोणती एक गोष्ट सगळ्यात जास्त अडते?’ इथे एकवचन होतं, विषयाला कुंपण होतं आणि दोष कोणाच्या अंगावर येत नव्हता. अडतं ते कामात, माणसात नाही. अधिकारी समोर असले तरी ‘टाकीची शिडी मोडली आहे’ असं म्हणायला कोणी घाबरत नाही.

तरी एक भोक राहिलं होतं. खोलीत सगळे टीसीएल टाकणारे नव्हते. आशाताईंच्या हातात पावडरीचा डबा नसतो, सरपंच टाकीवर चढत नाहीत. मसुदा तयार झाला की डोळ्यांसमोर त्या विषयाशी सगळ्यात लांबचा सहभागी आणा आणि विचारा: यांना काही सांगता येईल का? म्हणून मी शब्द थोडे वळवले आणि त्यात ‘आमच्या गावात’ आणलं. गावातलं उत्तर आशाताईंनाही देता येतं. किंबहुना लोक काय बोलतात ते त्यांनाच जास्त ठाऊक असतं.

प्रश्न विचारू नका, अर्धं वाक्य द्या

सगळ्यात मोठा फरक पडला तो इथे. प्रश्न विचारला की माणूस प्रस्तावना करतो. अर्धवट वाक्य दिलं की तो ते पुरं करतो आणि थांबतो. फळ्यावर, मागच्या रांगेतूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत मी हे लिहून ठेवतो:

मला ______ म्हणा.
माझं गाव ______.
आमच्या गावात टीसीएल पाण्यात पडायला सगळ्यात जास्त अडतं ते ______.

तीन ओळी, तीन गाळलेल्या जागा. त्याखाली एकच ओळ: ‘पद, शिक्षण, अनुभव नोंदणीत आहे. इथे नको.’ ही ओळ तोंडी सांगून भागत नाही. ती लिहिलेली असली तर शिक्षण सांगायला लागलेला माणूस स्वतःच हसून थांबतो. मला मध्ये पडावं लागत नाही.

पहिल्या ओळीबद्दल थोडं सांगतो. ‘तुमचं पूर्ण नाव’ न विचारता ‘मला ______ म्हणा’ हे मुद्दाम आहे. आपल्याकडे आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ऐकणारा लगेच जात काढतो आणि चार दिवस एकत्र राहायचं असताना कोण कोणाशेजारी बसायचं हे तिथेच ठरायला लागतं. हाक मारायचं नाव पुरेसं असतं. कोणी ‘मला आप्पा म्हणा’ म्हणतं, कोणी ‘ताई म्हणा’. तेच नाव छातीवरच्या पट्टीवर लिहायचं, म्हणजे चौथ्या दिवशीही हाक मारता येते. गाव इथे विचारलं, कारण टाकी गावाची असते. तुमच्या विषयात गावाचा संबंध नसेल तर ती ओळ काढून टाका आणि वीसाचे पंधरा सेकंद करा.

बोलण्याआधी दोन मिनिटं शांतता

मानसशास्त्रात एक जुनं निरीक्षण आहे. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. गोलात बसून माणसं आळीपाळीने काही वाचत असतील तर स्वतःच्या पाळीच्या लगेच आधी जे बोललं गेलं ते माणसाला सगळ्यात कमी आठवतं. कारण साधं वाटतं: त्या वेळी तो आपलं काय, याच्यात गुंतलेला असतो. ओळखीच्या फेरीत हे प्रत्येकाचं होतं. शेजाऱ्याचं उत्तर कोणीच धड ऐकत नाही.

यावर उपाय म्हणजे उत्तर आधीच तयार करून ठेवणं. प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढी एक चिठ्ठी द्या. कागद लहानच हवा, मोठा दिला तर तो भरायचा मोह होतो. तीन गाळलेल्या जागा भरायला दोन मिनिटं द्या आणि तेवढा वेळ तुम्हीही गप्प बसा. लिहायला अवघड जाणारे काही जण प्रत्येक तुकडीत असतात. त्यांना उघडं न पाडता सगळ्यांनाच सांगा, ‘शेजाऱ्याशी बोलून एकमेकांचं लिहिलं तरी चालेल.’ मग पाळी आली की चिठ्ठीवरचं सांगायचं, एवढंच. शेवटी चिठ्ठ्या गोळा करायच्या, हेही आधीच सांगा. त्याने दोन कामं होतात: बोलताना गोंधळलेल्या माणसाचंही उत्तर तुमच्याकडे राहतं, आणि लिहिलेलं छोटं असल्यामुळे बोललेलंही छोटं राहतं.

नमुना तुम्ही द्या, आणि तो साधाच द्या

पहिला बोलतो तसे बाकीचे बोलतात. त्यामुळे पहिले तुम्हीच बोला, फळ्यावरच्या चौकटीतच. मी म्हणतो: ‘मला दादा म्हणा. माझं गाव नदीकाठी आहे. आमच्या गावात टीसीएल पाण्यात पडायला सगळ्यात जास्त अडतं ते, पोतं पावसात उघड्यावर पडून असतं.’ आणि बसतो. पंधरा सेकंद. इथे विनोद, अनुभवाचा किस्सा, स्वागताचे दोन शब्द, काही नको. नमुना चाळीस सेकंदांचा झाला की पुढचे साठ सेकंद घेतात, आणि तो फार सजवला तर लोकांना आपलं साधं उत्तर सांगायची लाज वाटते.

तुमच्यानंतर माईक कोणाकडे जाणार हेही आदल्या दिवशीच ठरवा. पहिल्या रांगेत सहसा मानाची माणसं बसतात आणि भाषणाची सवय त्यांनाच असते. मी फेरी मधल्या रांगेतून, शक्यतो एखाद्या जलसुरक्षकापासून सुरू करतो. सरपंचांची पाळी येईपर्यंत पंधरा जण तीन वाक्यांत बोलून गेलेले असतात. मग त्यांनाही तीच रीत पाळणं सोपं जातं. अधिकारी असतील तर त्यांना चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगा, ‘साहेब, तुम्हीही याच तीन ओळींत बोललात तर बरं होईल.’ सगळ्यांसमोर सांगितलं तर तो अपमान ठरतो, एकट्यात सांगितलं तर बहुतेक जण खुशीने ऐकतात.

आदल्या संध्याकाळी करून बघा

तीन माणसं पुरेत: एखादा सहकारी, निवासाची व्यवस्था बघणारा आणि लवकर पोचलेला एखादा सहभागी. फळ्यावरचं वाक्य दाखवा, काही समजावू नका आणि मोबाईलमध्ये वेळ लावा. ‘म्हणजे नक्की काय सांगायचं?’ असं एकानेही विचारलं तर वाक्य बदला. तिघांची उत्तरं एकच आली तर प्रश्न फार ढोबळ आहे. कोणी ‘विचार करावा लागेल’ म्हणाला तर प्रश्न फार खोल आहे. तो तिसऱ्या दिवसासाठी ठेवा.

फेरी चालू असताना

फळ्याजवळ दुसरा कोणीतरी उभा हवा, उत्तराचा एकच शब्द लिहिणारा. ‘शिडी’, ‘वास’, ‘साठवण’, ‘माप’. पुन्हा तेच आलं की त्या शब्दापुढे एक रेघ. आपलं उत्तर फळ्यावर गेलेलं दिसलं की माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं आणि तो थांबतो. लांबवणाऱ्याला थांबवण्याचा मला सापडलेला सगळ्यात सभ्य मार्गही हाच आहे. मी त्याचा शब्द मोठ्याने उच्चारतो, ‘शिडी मोडलेली. लिहून घेतलं,’ आणि नजर पुढच्याकडे वळवतो. वेळ संपल्याची घंटा मी एकदाच वापरून पाहिली. लोक घंटेवर हसले, आणि हसण्यात आणखी वेळ गेला.

प्रश्न फसतो आहे हे लवकर कळतं. सहाव्या-सातव्या माणसापासून ‘माझंही यांच्यासारखंच’ सुरू झालं, तर पर्याय फार थोडे आहेत किंवा लोक सुरक्षित उत्तर शोधत आहेत. उत्तरं हळूहळू लांबत चालली, तर चौकट विसरली गेली आहे. अशा वेळी पुढे रेटू नका. एकदा थांबून फळ्यावरच्या तीन ओळी पुन्हा वाचून दाखवा, नवं काही जोडू नका. तरीही सुधारलं नाही तर उरलेल्यांना फक्त पहिल्या दोन ओळी सांगायला लावा आणि तिसरी चिठ्ठीवरून घ्या. फेरी अर्धवट राहिल्याचं दुःख कोणालाच होत नाही.

त्या चौथ्या तुकडीत आम्ही ४६ जण ३१ मिनिटांत आटोपलो. फळ्यावर मला सगळ्यात जास्त रेघा ‘माप’पुढे अपेक्षित होत्या, कारण माझं निम्मं सत्र मोजमापावर होतं. प्रत्यक्षात ‘साठवण’ आणि ‘वास’ पुढे निघाले. एक आशाताई म्हणाल्या, ‘लोक म्हणतात पाण्याला वास येतो, म्हणून सगळ्यांचं भरून झाल्यावर टाकतात.’ म्हणजे पावडर रोज पडत होती, नोंदवहीतही होती, पण प्यायच्या पाण्यात नव्हती. एक जलसुरक्षक म्हणाले, ‘टाकतो तेवढीच टाकतो, पण ओटीला पिवळं येत नाही.’ ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरिन असतो आणि ओल लागली, पोतं उघडं राहिलं की तो उडत जातो. त्यांचं माप बरोबर होतं, पावडर मेलेली होती. दुपारच्या जेवणाआधी मी साठवणीचा भाग पुढे ओढला आणि मोजमापाचा अर्धा तास कापला.

त्याच दिवशी वापरा

गोळा केलेल्या चिठ्ठ्या जेवणाच्या सुट्टीत वाटून लावा. दुपारच्या पहिल्या सत्राची सुरुवात त्यातल्याच एका उत्तराने करा, सांगणाऱ्याचं नाव न घेता. दुसऱ्या दिवशीचे गट याच शब्दांवर पाडा, म्हणजे ‘वास’वाले एकत्र, ‘शिडी’वाले एकत्र. इथे एक सावधगिरी हवी. एका गटात ग्रामसेवक आणि त्याच ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक दोघेही आले तर जलसुरक्षक गप्प बसतो. त्यांना वेगळ्या गटांत टाका, मग शब्द जुळो वा न जुळो.

माणसं साठाच्या वर असतील तर

ही रीत साठच्या पुढे चालत नाही. ऐंशी जणांत अर्ध्या मिनिटानेही चाळीस मिनिटं होतात आणि तेवढी नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तिथे आठ-आठ जणांचे घोळके करा, तीच तीन वाक्यं घोळक्यात सांगू द्या आणि प्रत्येक घोळक्याने मोठ्याने एकच गोष्ट सांगावी: ‘आमच्यात कोणतं उत्तर सगळ्यात वेगळं होतं?’ ‘सगळ्यात जास्त वेळा आलेलं’ विचारू नका, ते चिठ्ठ्यांवरून मोजता येतं. कार्यशाळा लांब असल्याचा एक फायदाही इथे घेता येतो. ओळख एकाच सकाळी संपवायची सक्ती नसते. पहिल्या दिवशी फक्त नाव आणि गाव घ्या. तिसरी ओळ दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळच्या सत्राआधी सत्तावीस जणांकडून घ्या; ऐंशी जण उरलेल्या तीन दिवसांत होतात. उशिरा आलेल्यांची चिठ्ठी मात्र पहिल्याच दिवशी भरून घ्या, नाहीतर गट पाडताना ती माणसं उरतात आणि शेवटी दाराजवळच्या टेबलावर एकत्र बसतात.